आठवा बाक

"बाबा, तुम्हाला हिशेब येत नाही म्हणून आपल्या अंगणात सात बाक आहेत का?"

प्रश्न भोंग्याचा नव्हता, तिच्या मैत्रिणींचा होता. विचारायची हिंमत मात्र भोंग्यातच होती. घरात, शाळेत आणि बाबांच्या कामावर तिला सगळे भोंगाच म्हणत, कारण ती हळू बोलली तरी समोरच्या गल्लीत ऐकू जाई. दोघी मैत्रिणी सातव्या बाकावर तिच्या शेजारी बसून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. "विचारशील तर खरी," असं त्यांनी पैजेवर सांगितलं होतं, आणि पैज म्हटली की भोंग्याचे पाय जमिनीवर राहत नसत.

बाबा काँक्रीटच्या जमिनी ओतायचे. गोदामं, दुकानं, गॅरेज, कुणाची मागची खोली. काँक्रीट प्लँटवरून गाडीने यायचं, आणि काम झाल्यावर गाडीत थोडं उरायचंच. ते फेकवत नसे, म्हणून अंगणात फळ्यांचा साचा कायम तयार असायचा. उरलं की बाक. बसणारी माणसं तीन, बाक सात.

बाबांच्या कामावरचे मिस्त्रीकाका चहा पीत होते. त्यांनी कपात बघत मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. बाबांनी ते बघितलं.

"येतो की हिशेब," बाबा म्हणाले. मग फोन घेऊन बसलेल्या आईकडे वळले. "अगं, परवाच्या कामाला प्लँटवर पाच घनमीटर सांग."

"नेहमीसारखं वरचं नको धरायला?"

"आठ मीटर लांब, सहा रुंद, दहा सेंटीमीटर जाड. चार पूर्णांक आठ होतात. पाच पुष्कळ झाले. आठवा बाक नकोय मला."

आईने भुवया उंचावल्या आणि पाच सांगितले. मैत्रिणी खूश. भोंगा तर हवेत.

काम मावशीचं होतं. तिला नव्या खोलीत छपाईचं यंत्र बसवायचं होतं, हत्तीच्या पिल्लाएवढं. ओतायच्या आदल्या दिवशी दुपारी आईने भोंग्याला पाण्याचा कॅन देऊन तिकडे पिटाळलं. बाबा सळईच्या जाळ्या आणायला गेले होते. मिस्त्रीकाका एकटेच भिंतीकडेच्या फळ्या ठोकत होते.

खोली बघून भोंग्याला राहवलं नाही. एवढी मोठी रिकामी जमीन, खाली दाबून बसवलेली माती, वर छप्पर आणि बघायला कुणी नाही. तिने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धूम ठोकली. मधोमध तिचा पाय अपेक्षेपेक्षा खाली गेला. जिन्यात शेवटची पायरी संपली असं वाटावं आणि आणखी एक निघावी, तसं झालं.

"काका, इथे खळगा आहे."

"तिथून सांडपाण्याचा पाइप गेलाय. चर बुजवला होता, पाणी मारल्यावर खचला असेल थोडा. डोळ्याला दिसत नाही."

"बाबांनी मोजलं नाही?"

"मोजलं ना. भिंतीच्या कडेने. कडेला बरोबर दहा आहे."

भोंगा गप्प बसली. ही गोष्ट इतकी क्वचित घडे की मिस्त्रीकाकांनी हातोडी खाली ठेवली.

मग दोघांनी समोरासमोरच्या फळ्यांवर दोरी ताणली. जमीन जिथपर्यंत यायची त्या उंचीवर. भोंग्याने खोलीचे दोन-दोन मीटरचे चौकोन पाडले, बारा निघाले, आणि प्रत्येकाच्या मध्यावर दोरीपासून मातीपर्यंत टेप सोडली. कडेला दहा, अकरा. मधल्या दोन चौकोनांत चौदा. त्याच्या शेजारी बारा, तेरा. आकडे तिने खडूने फळीवर लिहिले, बेरीज केली, बाराने भागलं. साडेअकरा.

"अठ्ठेचाळीस चौरस मीटर गुणिले साडेअकरा सेंटीमीटर," ती पुटपुटली. "साडेपाचच्या वरच जातंय, काका. आणि ढकलगाडीला चिकटेल, सांडेल, फळी फुगेल, ते वेगळंच."

"त्याला शंभरामागे पाच धर."

"पाच पूर्णांक आठ." ती खडू हातात धरून उभी राहिली. "आणि आपण पाच मागवलेत."

तिला ती तूट डोळ्यांसमोर दिसली. सात चौरस मीटर जमीन कोरडीच राहणार होती, जवळजवळ त्यांच्या स्वयंपाकघराएवढी. दुसरी गाडी येईपर्यंत पहिलं काँक्रीट घट्ट होऊन जाणार, नवं त्याला नीट धरणार नाही, आणि सांधा राहणार. त्या सांध्यावर मावशीचं हत्तीचं पिल्लू दिवसभर धडधडणार. आणि लोक म्हणणार, सख्ख्या मेहुणीची जमीन धड करता आली नाही.

"खळग्यात माती भरू या का?"

"घाईत भरलेली माती खचते गं. मग वरचं तडकतं. काँक्रीटनेच भरायचं."

बाबा जाळ्या घेऊन आले तेव्हा भोंगा दारातच उभी होती. "बाबा, सहा लागतील."

"काल मला हिशेब येत नव्हता," बाबा जाळी उतरवत म्हणाले. "आता तुला माझ्यापेक्षा जास्त येतो?"

"हिशेब तुमचा बरोबर आहे. जमीन चुकीची आहे."

मिस्त्रीकाका खोकले. बाबा आत गेले, दोरीखाली उकिडवे बसले आणि मधल्या चौकोनात स्वतः टेप सोडली. मग बाजूच्या. मग पुन्हा मधल्या. फळीवरचे आकडे वरून खाली वाचले.

"तू म्हणालीस म्हणून मी हात आखडला," ते टेप गुंडाळत म्हणाले. "एरवी अंदाजाने सहा सांगितले असते आणि निभावलं असतं. अंदाजानेच. मधे येऊन मी कधी बसलोच नाही."

"तुम्हाला लागलं ना माझं बोलणं?"

"बाकावर बसून बोललीस म्हणून जास्त लागलं." त्यांनी फोन काढला. "अगं, प्लँटवर कळव. पाचाचे सहा कर. हो, आत्ताच, गाडी भरायची यादी लागायच्या आत. नाही, मी नाही मोजलं. भोंग्याने."

पलीकडून आई काय म्हणाली ते कळलं नाही, पण बाबांचे कान लाल झाले.

सकाळी गाडी आली. ढकलगाड्या आत-बाहेर फिरल्या, मधला खळगा एकामागून एक ढकलगाड्या गिळत राहिला, आणि बाबा लांब पट्टीने पृष्ठभाग ओढत मागे मागे सरकत दाराशी आले. शेवटचा कोपरा भरला. गाडीत तीनेक ढकलगाड्या भरतील एवढं काँक्रीट उरलं.

ते घरी नेऊन साच्यात ओतलं. मैत्रिणी शाळेतून येताना थांबल्या.

"एवढासाच बाक?" एकीने विचारलं.

"एकीपुरता आहे," भोंगा म्हणाली. "थोडं उरायलाच हवं. उरलं नाही, तर कुठेतरी कमी पडलेलं असतं." मग म्हणाली, "तुमची पैज मी जिंकले, पण तो प्रश्न परत कुणी विचारायचा नाही."

रात्री जेवताना आई वाढत होती आणि बाबा दुखरी कंबर धरून बसले होते. भोंग्याने ताट बाजूला सरकवलं. म्हणजे काहीतरी मोठं येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि समोरच्या गल्लीत बहुतेक ऐकू गेलं. "सुट्टी लागली की तुमच्या प्रत्येक कामावर मी येणार. दोरी मी ताणणार, खोली मी मोजणार, अगदी मधोमध जाऊन. वाया किती जाईल तेवढं तुम्ही सांगायचं, बाबा. आणि आई, प्लँटला फोन मी आकडा दिल्यावरच करायचा."