ठेवीवरचं दुसरं नाव

कर्ज अधिकारीण वयाने लहान होती, पण बोलणं मुरलेल्या माणसासारखं. ठेवीची पावती उलटसुलट बघून म्हणाली, "काकू, ठेव मोडू नका. मोडलीत तर जेमतेम दोन वर्षांची फी निघेल, मग पुढे काय? त्यापेक्षा तारण ठेवा. ठेव आणि तुमचा पगार धरून चारही वर्षांचं कर्ज बसतंय. दरवर्षीची फी आम्ही थेट कॉलेजला भरू."

आईने मान डोलावली. शेजारी बसलेल्या लेकीचा चेहरा उजळला.

"फक्त ठेव दोघांच्या नावावर आहे. तारणाच्या कागदावर यजमानांचीही सही लागेल. त्यांना घेऊन या."

"ते येऊ शकणार नाहीत," आई हळूच म्हणाली.

"बाहेरगावी असतात का?"

आईची मान होकारार्थी हलली. लेक तिच्याकडे बघतच राहिली.

"मग कागद पाठवून सही मागवा. पण शुक्रवारच्या आत हं! त्यानंतर कॉलेज जागा धरून ठेवायचं नाही."

बँकेच्या पायऱ्या उतरून दोघी रस्त्यावर आल्या. लेकीला राहवेना. "आई, बाबा बाहेरगावी? बँकेत तू अजून सांगितलंच नाहीस?"

"दरवेळी मुदत संपली की ठेव आपोआप पुढे चालू व्हायची. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही."

"इतकी वर्षं?"

 दवाखान्याच्या धुलाई विभागात आईची दुपारची पाळी होती, म्हणून ती भराभर चालू लागली.

तिथे चादरींचे ढीग गरम वाफेसकट यंत्रातून बाहेर पडत. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दोघींनी दोन टोकं धरायची, एकीने चालत दुसरीकडे यायचं. आज तिची जोडीदारीण रजेवर होती. आईने एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरलं आणि एकटीनेच घड्या घातल्या. मुकादमबाई जाताजाता म्हणाल्या, "अगं, तुझ्या घड्या आज तोंड वाकडं करून बसल्यात बघ." आई हसली. हसायला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आली, तर लेक तारणाचा कागद पुढ्यात घेऊन बसलेली.

"आई, रागावू नकोस. बाबांची सही मला येते. शाळेत गणितात नापास झाले होते, तेव्हा प्रगतिपुस्तकावर मीच केली होती. बाईंना पत्तासुद्धा लागला नाही."

"बाबांना लागला होता," आई म्हणाली. "मला सांगून पोट धरून हसले होते. म्हणाले, माझ्यापेक्षा वळणदार करते कार्टी."

दोघीही हसल्या. मग लेकीने पेनाचं टोपण काढलं.

"नाही," आई म्हणाली. आवाज चढला नाही, पण लेकीचा हात थांबला.

"मग तू सांग तरी बँकेत! दाखला आहे ना आपल्याकडे? एक कागद द्यायचा, त्यांचं नाव कमी होईल, संपलं. मी परगावी कॉलेजला जायला नको आहे का तुला?"

आईने कागद तिच्यापुढून ओढून घेतला. "विजेचं बिल माझ्या नावावर झालं. दारावरची पाटी बदलली. फोन बंद केला. प्रत्येक ठिकाणी मीच जाऊन सांगितलं, की ते नाहीत. ही एकच जागा उरली होती. मुदतीच्या मुदतीला पावती यायची, त्यावर आम्ही दोघं असायचो."

 लेक आईच्या खांद्याला खांदा लावून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी आईने देवापुढे हात जोडले, ट्रंकेतून दाखला काढला आणि एकटीच बँकेत गेली. लेक येते म्हणाली, तर म्हणाली, "नको. हे माझं मला करू दे."

"काल मी खोटं बोलले," तिने अधिकारिणीला सांगितलं आणि दाखला पुढे केला.

अधिकारिणीने तो वाचला. मग ती खुर्ची जवळ ओढून स्वतःच अर्ज भरायला बसली. "काकू, तुम्ही हयात खातेदार आहात, त्यामुळे अवघड काही नाही. नाव आज कमी होईल, मग ठेवीवर तारणाची नोंद करते. शुक्रवारच्या आत पहिल्या वर्षाची फी कॉलेजला पोचेल."

अधिकारिणीने दाखवलं तिथे तिथे आईने सह्या केल्या. जिथे दोन रकाने होते, तिथे एकच भरला.

"आता वारस लावून घेऊ. वारसाचं नाव?"

आईने लेकीचं नाव सांगितलं.

"नातं मुलगी. पत्ता तुमचाच ना?"

आई सवयीने हो म्हणणार होती. मग तिने पिशवीतून कॉलेजचं पत्र काढलं, घडी उलगडली आणि वसतिगृहाचा पत्ता एकेक शब्द करून सांगू लागली.