डावा खांदा

नीता मॅडमनी आभाला भिंतीसमोर उभं केलं, दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर टेकवायला लावले आणि सांगितलं, "आता भिंत ढकल. पुढे ये, मागे जा. सावकाश."

तिचे वडील विनायकराव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होते. एसटी स्टँडजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हा व्यायामोपचाराचा दवाखाना होता. खालून फलाटावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. आभा पंधरा वर्षांची. गेल्या आठवड्यात तिला डावा हात वर नेऊन वेणी घालता येईना, तेव्हा कुठे घरात कळलं की खांदा दुखतोय. तोवर तिने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"इकडे या, बघा," मॅडम म्हणाल्या.

ते उठले. आभाच्या पाठीवरचा उजवा खवाटा, म्हणजे खांद्यामागचं ते त्रिकोणी हाड, फासळ्यांना चिकटून होता. डाव्याची आतली कड मात्र दर ढकलीला पाठीपासून सुटून वर येत होती. सदऱ्याखाली कुणी पुस्तक लपवावं तशी.

"याला धरून ठेवणारा स्नायू बगलेखालून, फासळ्यांवरून येतो. तो थकलाय. हात वर जाताना खवाट्यानेही वर फिरायला हवं. तो फिरला नाही तर वरच्या हाडाचं छप्पर जागच्या जागी राहतं आणि खालची शीर ते छप्पर आणि दंडाचं हाड यांच्यामध्ये चिमटली जाते. दर हाताला एक चिमटा. रोज किती हात मारतेस गं?"

आभाने मागे वळून वडिलांकडे पाहिलं. विनायकराव म्हणाले, "रविवारी आपट्याला नदीत चार तास. इतर दिवशी तलावात दीड."

"बाप रे." मॅडमनी तिला टेबलावर पालथं झोपवलं. "मला स्वतःला पोहता येत नाही हं. तू कशी पोहतेस ते हवेत करून दाखव."

आभाने हात मारायला सुरुवात केली. दम घ्यायला मान उजवीकडे उचलली की पुढे गेलेला डावा हात ताठ होई, खाली दाबला जाई आणि नाकासमोरून पार उजवीकडे सरके. तळवा बाहेर वळलेला, अंगठा खाली.

"थांब. अंगठा आधी का घालतेस पाण्यात?"

"पुस्तकात तसंच आहे," विनायकराव म्हणाले.

"कधीचं पुस्तक?"

"एकोणीसशे एकसष्ट. दुसरी आवृत्ती." ते वाचनालयात ग्रंथपाल होते. असल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या तोंडून आपोआप निघे.

मॅडम हसल्या. "आता बोटं आधी, तळवा खाली आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे. अंगठा खाली केला की दंड आत पिळला जातो. त्यात हात पलीकडे गेला की झालंच. पण खरा घोळ या दम घेण्यात आहे. अंग कुशीवर वळत नाही, ती नुसती मान उचलते आणि डाव्या हातावर सगळा भार देते. डावीकडून कधीच दम घेत नाहीस?"

"नाही."

"का बरं? कुणी शिकवलं असं?"

विनायकरावांना उत्तर ठाऊक होतं. धरमतर ते गेटवे, छत्तीस किलोमीटर समुद्र पोहायचा तर सोबतची होडी एका बाजूला राहणार. होडी दिसत राहिली तर पोर घाबरणार नाही आणि वाटही चुकणार नाही, असा विचार करून त्यांनी ठरवलं होतं की होडी उजवीकडे. तेव्हापासून आपट्याला पाताळगंगेत नावाडी काळूरामची होडी नेहमी उजवीकडे. इतर दिवशी तलावावर ते स्वतः पांढरा रुमाल घेऊन काठाने तिच्या उजव्या हाताला चालत. ती वळली की धावत वळसा घालून पलीकडच्या काठाला जात. लोक हसत. त्यांना ते अगदी शास्त्रशुद्ध वाटे.

"सवयच आहे मला तशी," आभा टेबलावरून म्हणाली.

विनायकराव परत स्टुलावर जाऊन बसले.

"तर मग सवय मोडायची," मॅडम म्हणाल्या. "सहा आठवडे फ्रीस्टाइल बंद. पाण्यात गेलीस तर हात अंगाशी ठेवून नुसते पाय मारायचे. फळी धरायची नाही, फळीने हात वर ताणलेलाच राहतो. घरी भिंत ढकलायची आणि शेवटी दोन्ही खवाटे पुढे सरकेपर्यंत आणखी एक ढकल द्यायची. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून कोपर मागे ओढायचं, खवाटे एकमेकांकडे आणि खाली. दुखलं की थांबायचं. दुखणं गिळून व्यायाम करायचा नाही."

"एकवीस दिवसांनी पोहायचंय," विनायकराव हळूच म्हणाले.

"मग पोहायचं नाही."

त्यांना असं वाटलं की खोलीचं दार कुणी बाहेरून लावून घेतलं.

कारण आभाचा सत्कार होऊन गेला होता. पोहण्याच्या आधीच. कापडाच्या दुकानाचे मालक दिनानाथशेठ यांनी समिती स्थापन केली होती आणि जानेवारीच्या पहिल्याच रविवारी शाल, नारळ, भाषणं असं सगळं उरकून घेतलं होतं. नंतर परीक्षा येतात, माणसं जमत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. 'पनवेलची जलपरी' असा फलक बाजारपेठेच्या तोंडाशी लागला होता. आभा शाळेत जाताना त्याच्याखालून मान खाली घालून जायची.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. दिनानाथशेठ गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडत होते.

"या, जलपरीचे पिताश्री! बसा. चहा सांगा रे."

"शेठ, एक सांगायचं होतं. आभाचा खांदा जरा दुखतोय."

"दुखणारच! समुद्र आहे, काय चहाची बशी आहे का? वहिनी, हा रंग बघा, अंगावर खुलेल. विनायकराव, दोन बसगाड्या ठरवल्यात गेटवेला जायला. बायका तर पहाटे चारला निघायला तयार आहेत. तुम्ही बसणार ना पहिल्या बसमध्ये?"

"मी होडीत असेन."

"अरे हो की! मलम चोळा तिला, मोहरीचं तेल चोळा. पोरांचं दुखणं काय, आज आहे उद्या नाही."

चहा आला. तो पिऊन टाकून विनायकराव परत आले. रस्त्यात तिघांनी विचारलं, तयारी कशी काय? तिघांना ते म्हणाले, उत्तम.

रात्री पांघरुणात त्यांनी एक तोडगा काढला. घाबरट माणसाला दोन्ही बाजूंनी अडचण आली की तो मधली वाट शोधतो. पोहणं थांबवायचं नाही, होडीची बाजू बदलायची. डावीकडून दम घेतला की डाव्या खांद्यावरचा भार गेला. आभाची आई म्हणाली, "मॅडमनी बंद म्हटलंय ना?" ते म्हणाले, "एक रविवार बघू." आभाने पोहण्याची पिशवी भरली.

आपट्याला सकाळी पाणी गार आणि संथ होतं. काळूरामने होडी सोडली.

"आज डाव्या अंगाला ठेव," विनायकराव म्हणाले.

"आं? मास्तर, चार महिनं उजवीकडं आन् आज डावीकडं? पोरीचं डोकं फिरंल."

"ठेव तू."

आभा उतरली. पहिल्या दहा-बारा हातांनंतर तिने डावीकडे मान वळवली आणि पाणी गिळलं. खोकली, पुन्हा वळवली, पुन्हा गिळलं. मग तिने आपला जुना उजवा दम धरला. आता होडी तिला दिसेना. ती तिरकी जाऊ लागली, काठाच्या लव्हाळ्याकडे. काळूरामने ओरडून तिला सरळ केलं. ती परत तिरकी गेली. अर्ध्या तासाने डावा हात पाण्याबाहेर पुरता येईनासा झाला. कोपर खाली पडलेलं, बोटं पाण्यावरून फरफटत येणारी. विनायकराव होडीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बघत होते. थांब म्हणावं की म्हणू नये, या विचारात आणखी काही हात गेले. प्रत्येक हाताला मॅडमचा तो शब्द त्यांना ऐकू येत होता. चिमटा. चिमटा.

काळूराम वल्हं थांबवून म्हणाला, "मास्तर, आमी गाळात बांबू रोवून होडी फिरवतो ना, तसं करतंय पोर. त्या एका हातावर टेकतंय अन् तोंड वर काढतंय. बांबू मोडतो असा. तुमाला दिसत नाय?"

"दिसतंय," विनायकराव म्हणाले.

"मंग?"

आभा स्वतःच थांबली. उताणी झाली आणि नुसती तरंगत राहिली, डावा हात पोटावर घेऊन. काळूरामने तिला बगलेखाली न धरता कमरेला धरून वर घेतलं. ती टॉवेलात कुडकुडत बसली. ओठ निळे.

"किती दिवस दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

"दिवाळी! अगं, आणि तू पोहत होतीस?"

"रविवारी गोळी घ्यायचे. आईच्या डोकेदुखीच्या डब्यातली."

"बोलली का नाहीस मला?"

"तुम्ही इतकं धावत होता, बाबा, त्या काठावरून या काठावर. कसं सांगणार?"

पाणी होडीच्या तळाशी चुळचुळत होतं. काळूराम दुसरीकडे बघू लागला.

"त्या दिवशी दवाखान्यात," आभा म्हणाली, "मॅडमनी विचारलं कुणी शिकवलं, तेव्हा मला वाटलं तुम्ही बोलाल."

विनायकरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला भीती वाटली," ते म्हणाले. "त्या बाईंची नाही. गावाची. चूक माझी आहे, आभा. अंगठा माझा, होडीची बाजू माझी. तू नुसतं ऐकलंस."

"मग ते त्यांना सांगा."

"सांगतो."

"आज. आज समितीची बैठक आहे."

संध्याकाळी दुकानाच्या वरच्या खोलीत समितीचे सात जण सतरंजीवर बसले होते. बसगाड्यांत कोण कुठे बसणार यावर वाद चालला होता. ढोल पहिल्या गाडीत की दुसऱ्या, हे ठरेना. विनायकराव दाराशी बसले. आभा खाली पायरीवर थांबली होती. वीस मिनिटं कुणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढी वीस मिनिटं त्यांना बरीच वाटली.

"विनायकराव, तुमचं काही?"

"हो." ते उभे राहिले. "आभा पोहणार नाही."

ढोलाचा वाद थांबला.

"म्हणजे या तारखेला नाही. सहा आठवडे हात मारायचाच नाही तिने. मग मॅडम म्हणतील तसं. पोहण्याच्या संघटनेला मी उद्या पत्र टाकतोय."

"अहो पण..." दिनानाथशेठांनी बसगाड्यांची यादी उलटसुलट केली. मग त्यांना तोडगा सुचला. "असं करू. पोरीची प्रकृती नाजूक निघाली असं म्हणू. लोकांना पटतं ते."

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. वाट किती सोपी होती! विनायकरावांना नुसतं खाली बसायचं होतं.

"पोरगी नाजूक नाही," ते म्हणाले. "दिवाळीपासून तिने दुखऱ्या खांद्याने पोहून दाखवलंय. मी तिला हात चुकीचा शिकवला. जुन्या पुस्तकातून शिकवला, आणि एकाच बाजूने दम घ्यायला लावला. मी शिकवलं. हेच सांगा लोकांना."

एकाने बसगाड्यांची यादी घडी करून खिशात घातली, परत काढली.

"मग पुढची तारीख कधी?" दिनानाथशेठांनी विचारलं.

"ते तिला विचारून ठरेल. ती नाही म्हणाली तर नाही."

ते जिना उतरले. आभा पायरीवरून उठली.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"माझी चूक म्हणून नाही ना?"

"नाही."

"मग काय म्हणाले ते?"

वरून दिनानाथशेठांचा आवाज आला. जिन्याच्या तोंडाशी येऊन ते खाली वाकून विचारत होते, "ओ विनायकराव! बसगाड्या ठरल्यात हो! गावात दुसरं कुणी पोहणारं आहे का?"