कॉफीत बुडवलेलं जानवं

बापाच्या रागाने जे जानवं तीन वर्षं अंगाला लावलं नव्हतं, तसलंच एक कोरं आणून मी श्रावणीच्या आदल्या संध्याकाळी कॉफीत बुडवत बसलो होतो. जुनं दिसावं म्हणून! मूर्खाला का शिंगं असतात?

श्रावणी पौर्णिमेलाच अप्पांच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. कुंभकोणमहून तंजावूरच्या हॉस्पिटलात आठपर्यंत पोचायचं होतं. दरवर्षी ते नदीकाठच्या मंडपात शास्त्रीबुवांसमोर सगळ्यांबरोबर जानवं बदलतात. या वेळी अम्माला म्हणाले, "घरीच करू. वेंबूला बोलाव, दोघं करू." वेंबू म्हणजे मी; अम्माने हे फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला जराही धक्का नको. आणि मी उघड्या अंगाने समोर बसलो की खांदा रिकामा दिसणार!

जातीबाहेरच्या सेल्वीशी मी तीन वर्षांपूर्वी रजिस्टर लग्न केलं. अप्पा आले नाहीत; तेव्हापासून आमचा अबोला. त्याच रागात बंगळुरात जानवं काढून मी कचऱ्यात टाकलं होतं.

पहाटे आंघोळी करून आम्ही पूर्वेला तोंड करून बसलो. उपरणं मी खांद्यावर घट्ट ओढून घेतलं होतं. आचमन, प्राणायाम, संकल्प. मग अप्पा म्हणाले, "गेल्या श्रावण्या चुकल्या असतील, तर त्याचा जप आधी. 'कामाने केलं, क्रोधाने केलं, मी नव्हे', असं एकशे आठ वेळा."

"तुमची कधी चुकली, अप्पा?"

"जप कर रे. तोंड कशाला चालवतोस?"

केला. ते धापा टाकत म्हणत होते, आणि दर धापेला माझा जीव टांगणीला लागत होता. अम्मा दारात उभी राहून घड्याळाकडे बघत होती.

मग ताटातलं नवं जानवं त्यांनी माझ्या हातात दिलं. ब्रह्मगाठीला हळदकुंकू लावलेलं. "उजवा हात वर, डावा खाली, गाठ वरच्या तळव्यावर. उपरणं काढ आता. आणि ध्यानात ठेव, नवं चढल्याशिवाय जुनं उतरवायचं नाही. अंग क्षणभरही रिकामं नको."

उपरणं काढलं. देवा, यांना काही दिसू नये! अप्पांनी एकदाच बघितलं आणि मंत्र सुरू केला. मागोमाग म्हणत मी जानवं डोक्यावरून डाव्या खांद्यावर घेतलं. आचमन केलं. सुटलो, असं वाटलं.

"आता दुसरं," अप्पा म्हणाले.

"दुसरं?"

"लग्न झालंय ना तुझं? लग्न झालेल्याला दोन लागतात. एकावर कसं भागेल?"

तीन वर्षांत त्या लग्नाचं नाव या घरात निघालं नव्हतं. अम्माने पदर तोंडाला लावला. दुसरंही मी मंत्र म्हणून चढवलं. मग मी जुनं उतरवलं. अप्पांनी ते नाकाशी नेलं.

"कॉफी?"

"जुनं दिसावं म्हणून," मी म्हणालो.

"पाणचट आहे," अम्माकडे बोट दाखवत ते म्हणाले. "सेल्वीला म्हणावं, हिच्याकडून शिकून घे."

मी ढसाढसा रडलो. "डेय, पुरे रे," ते म्हणाले, "गायत्रीचा जप राहिलाय अजून."

हॉस्पिटलात नर्सने सांगितलं, "आजोबा, अंगावर काही ठेवायचं नाही. दोराही नाही." साठ वर्षं ज्या माणसाचं अंग क्षणभर रिकामं राहिलं नव्हतं, तो घाबरला. अप्पांना घाबरलेलं मी प्रथमच पाहिलं. गाठीपाशी त्यांची बोटं अडकली. मग स्वतःच्याच हातांनी त्यांनी दोन्ही उतरवली आणि माझ्या छातीकडे बघितलं.

"तुझ्या अंगावर आहे ना? मग झालं."

पिशवीतून कागदात गुंडाळलेली नवी जोडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "शुद्धीवर आलो की तू मला घालायची. मंत्र पाठ आहे?"

"आहे."

"खोटारडा. बाहेर बसून पाठ कर."

शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद झालं. दुपारी बंगळुराहून सेल्वी धावत आली, तेव्हाही ते उघडलं नव्हतं. "काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं. मी मंत्र म्हणत होतो आणि दर वेळी तिसऱ्या ओळीवर अडत होतो, 'आयुष्य' या शब्दावर.

"पुढे काय आहे?" ती म्हणाली.

"अप्पांना ठाऊक आहे," मी म्हणालो, आणि मुठीतली जानव्यांची पुडी आणखी घट्ट धरली.