आज मोहरी नाही

आमच्या कँटीनमध्ये एक पाटी आहे. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलंय: 'आजच्या जेवणात तीळ, मोहरी, शेंगदाणे व सोया नाही.' खाली दोन फुलं. फुलं पेंटरने स्वतःच्या मनाने काढली, त्यांचे पैसेही घेतले नाहीत.

ऑइलपेंटने 'आज' लिहायचं म्हणजे काय, हे फक्त एका माणसाने विचारलं. तो माणूस मी.

"अगं, खडूने लिहिलं की पुसतं," साहेब म्हणाले. "तपासणीवाले आले आणि पाटी कोरी दिसली तर?"

"पण साहेब, जेवण रोज बदलतं."

"म्हणून तर पाटी पक्की पाहिजे. एक तरी गोष्ट पक्की नको?"

आमचा छापखाना लेबलं छापतो. सॉसच्या बाटल्या, मसाल्यांची पाकिटं, लोणच्याच्या बरण्या, सगळ्यांवरचे कागद आमचे. छपाईच्या आधी लेबल तपासायचं काम माझं. हातात भिंग असतं म्हणून नावही भिंगच पडलं. दिवसभर मी घटकांच्या याद्या वाचते. 'मसाले' असा एकच शब्द छापून त्यात किती जण लपून बसतात ते मला पाठ आहे. मसाल्यात दाटपणाला तीळ वाटून घालतात, पांढऱ्या सॉसला मोहरीची पूड धरून ठेवते, आणि मोहरीचं नाव नसलेल्या पिवळ्या सॉसच्या यादीतही शेवटून दुसरी मोहरी निघते.

मोहरी मला चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नाही. कणभर पोटात गेली की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि घसा आतून बंद व्हायला लागतो. शिजवली तरी तेच. आमचा आचारी म्हणायचा, "एवढी उकळली की तिची खोड मोडते." तिची खोड मोडत नाही, माझी मोडते. म्हणून पर्समध्ये इंजेक्शनचं पेन असतं, मांडीत टोचायचं.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच विचारायचे. "दादा, यात मोहरी आहे का?" "नाही." या प्रश्नाला हेच उत्तर येतं. शिळं आहे का, नाही. तिखट आहे का, नाही. मोहरी आहे का, नाही. 'नाही' म्हणायला गॅसही लागत नाही. मग मी शिकले. आहे का असं विचारायचंच नाही. हे कशाकशाचं केलंय? सॉस घरचा की विकतचा? बाटली दाखवता? तेल कोणतं? चमचा तोच का? कोपऱ्यावरचा सँडविचवाला या प्रश्नांनी कधी चिडला नाही. "ताई, बाटली घ्या, तुम्हीच वाचा. पण सुरी मी सगळ्याला एकच वापरतो, तेव्हा माझ्याकडे खाऊच नका," म्हणाला. इतका प्रामाणिक नकार मला आजवर स्थळाकडूनही आला नव्हता.

कँटीनमध्ये माझं पोट भरायचं ते भांडी घासणाऱ्या मावशींमुळे. मावशींना वाचता येत नाही. पण पाकीट फोडलं, बाटली उघडली की त्या लेबल सोलून किंवा कापून एका बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या. साडेबाराला मी मागच्या खिडकीशी जायचे, त्या डबा पुढे करायच्या.

"वाच गं. आज तुला काय मारणारंय ते बघ."

"मावशी, हे चालेल. हे नको. हे कशात घातलं?"

"पिवळ्या भाजीत."

"मग आज कोबी."

पेनही मी त्यांना दाखवून ठेवलं होतं. निळी टोपी काढायची, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबून धरायचं, कपड्यावरूनच. "एवढंच?" मावशी म्हणाल्या. "मला वाटलं शिक्षण लागतं."

मग स्वच्छता सप्ताह आला. सुरक्षा अधिकारी, ज्यांना सगळे नुसते 'सेफ्टी' म्हणतात, त्यांनी कँटीन आवरायला घेतलं. सगळं सामान मूळ पाकिटांतून काढून एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरलं. फोटोत छान दिसतं म्हणून. एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. लेबलं छापणाऱ्या छापखान्यात! आणि मावशींचा डबा 'अस्वच्छ कागद' म्हणून कचऱ्यात गेला.

"बाकी काही अडचण नाही ना?" सेफ्टींनी मला विचारलं.

"आता कशात काय आहे ते कळणार कसं?"

त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं.

मी घरून जेवणाचा डबा आणायला लागले. शुक्रवारपर्यंत निभावलं. शुक्रवारी सॉसच्या कंपनीचे पाहुणे आले, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. जेवणाची रांग लागली आणि साहेबांनी मला हाक मारली.

"हिला भेटा. हिला मोहरीची अॅलर्जी आहे, आणि ही इथेच जेवते! अशी आहे आमची व्यवस्था." पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे, आणि टाळ्या वाजवल्या. पाटीला की मला, ते कळलं नाही.

"साहेब, माझा डबा आहे."

"डबा काय रोजचाच आहे. बस."

मला नोकरीला लागून सहा महिने पूर्ण झाले होते. कायम करण्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीशिवाय पडलेलं मी सकाळीच बघितलं होतं. मी ताट घेतलं.

म्हटलं, सगळ्यात साधं घ्यावं. उकडलेले बटाटे होते. नुसते, पण चकचकीत.

"दादा, यावर काय घातलंय?"

"काही नाही."

"चमकतायत कशाने?"

"साहेब म्हणाले, कोरडे दिसतायत. थोडं ते पांढरं लावलं, तेलात फेटून."

"पांढरं म्हणजे कोणतं? बाटली आहे?"

"बरणीत आहे."

"त्यात काय काय आहे?"

आचाऱ्याने डोकं खाजवलं. बरणीकडे बघितलं. मग त्याने मान वर केली, पाटी वाचली आणि म्हणाला, "मोहरी नाही."

त्याने स्वतःच्या हातचं जेवण कशाचं आहे हे पाटीवर वाचून सांगितलं. तिथेच ताट ठेवायला हवं होतं. पण मागे साहेब होते, त्यांच्या मागे पाहुणे, आणि सगळ्यांचे चेहरे असे की लग्नात नवरी घास घेते तसा मी आता घास घेणार. मी अर्धा बटाटा तोंडात टाकला.

आधी ओठ चुणचुणले. मग हातावर गांधी. मी ताट खाली ठेवलं आणि "पेन" म्हणाले. सेफ्टींनी खिशातलं बॉलपेन काढून दिलं.

"इंजेक्शनचं! पर्समध्ये!"

पर्स फाटकावरच्या कपाटात होती. स्वच्छता सप्ताहात कँटीनमध्ये पिशव्या आणायला बंदी होती.

"चला, तिकडेच जाऊ, उठा," सेफ्टी म्हणाले.

"चालवू नका तिला!" मागून आवाज आला. मावशी साबणाच्या हातांनी बाहेर आल्या. "आडवी करा. पाय वर ठेवा. कोणी गाडी बोलवा." आणि पळाल्या. साठीची बाई, ओल्या फरशीवर, स्लिपर घालून. सेफ्टी मागून ओरडले, "पळू नका! पळायला मनाई आहे!" ते खरंच होतं, त्याचीही पाटी होती.

आडवं झाल्यावर श्वास जास्तच अडला, म्हणून मला भिंतीला टेकवून पाय लांब करून बसवलं. आत जाणारी हवा दोऱ्याएवढी झाली होती. आवाज घोगरा, मग तोही नाही. पाहुण्यांपैकी मोठे पाहुणे माझ्याजवळ गुडघ्यावर बसले. भला माणूस होता.

"काय खाल्लं हिने?" त्यांनी विचारलं.

"बटाटा," आचारी म्हणाला. "तुमचाच सॉस लावून. साहेब म्हणाले, पाहुण्यांचा मान म्हणून त्यांचाच सॉस वापरा."

पाहुणे पांढरे पडले. "अहो, त्यात मोहरी असतेच! ठळक छापतो ना आम्ही!"

ठळक छापतात. मला माहीत आहे. गेल्या महिन्यात ते लेबल मीच तपासलं होतं. 'मोहरीची पूड' साध्या अक्षरांत आली होती, मी लाल पेनाने गोल करून 'ठळक हवी' लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. त्या एका सहीने न जाणो किती जणांचे घसे उघडे राहिले असतील. माझ्यापर्यंत येईतो लेबल कचऱ्यात होतं आणि सॉस बरणीत.

मावशींनी येऊन पेन मांडीत दाबलं, सलवारीवरून, आणि मोठ्याने दहापर्यंत मोजलं. दहानंतर अकराही म्हणाल्या, वर एक असावा म्हणून. काही मिनिटांत दोऱ्याची सुतळी झाली. दवाखान्यात सहा तास ठेवून घेतलं. बरं वाटलं तरी पुन्हा उलटू शकतं, डॉक्टर म्हणाले.

सोमवारी चौकशी झाली. आचारी म्हणाला, बरणीवर काही लिहिलं नव्हतं. सेफ्टी म्हणाले, पाटीत काही चूक नव्हती, चूक जेवणात होती. मग मावशींवर तीन मुद्दे आले. जागा सोडून गेल्या. पळाल्या. आणि परवानगीशिवाय दुसऱ्याला औषध टोचलं.

"टोचलं नसतं तर?" मावशी म्हणाल्या.

"ते वेगळं. आपण प्रक्रियेबद्दल बोलतोय," सेफ्टी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्यासमोर माझं पत्र होतं, त्यावर उघडं पेन आडवं ठेवलेलं. "तुला काही सांगायचंय?"

सांगायला दोनच वाक्यं होती. या बाईमुळे मी जिवंत आहे. आणि लेबलांचा डबा तुम्ही फेकलात.

मी घशाला हात लावला, मान हलवली. आवाज बसलाय, अशी खूण केली.

आवाज बसला नव्हता. शनिवारीच मोकळा झाला होता.

मावशींना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका सांगितलं. माझ्या पत्रावर त्याच दुपारी सही झाली. पाटी तशीच आहे, पेंटरने फक्त खाली एक ओळ वाढवली: 'तरी विचारून खावे.' कोणाला विचारावे, त्याला जागा उरली नव्हती. फुलं मध्ये येत होती.

बुधवारी मावशींचा फोन आला.

"घसा कसा आहे गं?"

"बरा आहे, मावशी."

"बोलता येतं ना नीट?"

"हो."

"हं," मावशी म्हणाल्या. त्यांच्याकडून नळाचा आवाज येत होता, कुठल्यातरी दुसऱ्या मोरीवरचा. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.