मोकळं आभाळ

“चित्र जगतं ते त्यातल्या मोकळ्या आभाळावर! ज्याला आभाळ सोडता येत नाही, त्यानं ब्रश हातात धरू नये!” भाईदास पेंटर उजवा हात उंचावून म्हणाले.

“नाना, पाय उचला जरा,” सुलक्षणा म्हणाली. “चार्जर अडकलाय.”

नानांनी पाय उचलला. हातही खाली घेतला, कारण वर पंखा होता.

जळगावच्या बसस्टँडमागे सुलक्षणाचं फ्लेक्सचं दुकान. नाना तिथं आले ही गोष्टच मोठी होती, कारण फ्लेक्स आला आणि नानांचा धंदा गेला. तोवर जळगाव ते धुळे रस्त्यावर दिसणारं प्रत्येक ठळक अक्षर त्यांचं होतं. थिएटरचे बोर्ड, बियाण्यांच्या दुकानांच्या पाट्या, ‘देवी टोचून घ्या’पासून ‘दोन किंवा तीन पुरेत’पर्यंत सगळं. नानांच्या ‘ज’चं पोट असं भरलेलं असायचं की जळगाव हे सुखवस्तू गाव आहे, हे परगावच्या माणसाला पाटी वाचूनच कळावं. गेली वीस वर्षं मात्र त्यांचे सहा चपटे ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, फडक्यात गुंडाळून पडले होते.

आता धुळ्याचे पुढारी अभिमनभाऊ यांनी पर्यटन महोत्सव काढला होता. भाऊंना पोस्टरं हवी होती, तीही इंग्रज साहेबाच्या काळात रेल्वे स्टेशनावर लागायची तसली: सपाट रंग, मोठं अक्षर, बघताच तिकीट काढावंसं वाटेल असं गाव. सुलक्षणा कॉम्प्युटरला वाक्यं देऊन चित्रं काढून घ्यायची. पण तिची वाक्यं चालेनात. म्हणून तिनं नानांना बोलावलं. नानांची अट एकच: चित्र मशीन काढेल, पण गावाचं नाव मी हातानं लिहीन. चित्र कॅनव्हासवर छापायचं, प्लायवर ठोकायचं आणि वरच्या मोकळ्या जागेत माझं अक्षर.

“मान्य,” सुलक्षणा म्हणाली होती. “तसंही मशीनला जळगाव लिहिता येत नाही. बघा.”

पडद्यावर पहिलं चित्र होतं. केळी होती, पण तिला नारळ लागले होते. मागं निळा समुद्र, त्यात होडी, आणि वर देवनागरीसारखं काहीतरी, ज्याला वेलांट्या चार आणि अर्थ एकही नाही.

“बाई, जळगावमा समुद्र कोठे शे?” नाना म्हणाले.

“मी फक्त लिहिलं, जुनं ट्रॅव्हल पोस्टर, केळीची बाग, सुंदर. आला समुद्र. मग लिहिलं, समुद्र नको. तर दोन होड्या वाढल्या.”

“पंगतीत ‘जिलबी नको’ म्हटलं की वाढप्याला ‘जिलबी’च ऐकू येते. काय नको ते सांगू नकोस. काय पाहिजे तेच सांग. आणि ‘सुंदर’ पुसून टाक. सुंदर म्हणजे त्याला काय कळणार? मला तरी कुठं कळलं!”

मग नाना डोळे मिटून बोलू लागले आणि सुलक्षणा ते इंग्रजीत टाईप करू लागली. केळीच्या दोन रांगा, मधून काळ्या मातीची वाट. वाट तळाशी रुंद, पुढं निमुळती, सगळ्या रेषा क्षितिजावर एकाच बिंदूत मिळतात. क्षितिज तळापासून एक तृतीयांशावर. त्यावर सातपुड्याची एकच फिकी पट्टी. रंग पाचच: गडद हिरवा, पोपटी, काळा, निळसर करडा, मलईसारखा पिवळा. रंग सपाट, कुठंही विरघळत नाही. सावली म्हणजे दुसरा सपाट रंग, कापलेल्या कागदासारखा. बारीक तपशील नाहीत. आणि वरचा अर्धा भाग एकाच मलई रंगाचं, सलग, रिकामं आभाळ.

“सूर्य?”

“सूर्य घातला की माणूस सूर्याकडे बघतो. अक्षर कोण वाचणार? बठ्ठं आभाय मोकळं सोड, सगळंच्या सगळं.”

चित्र आलं. सुलक्षणानं ते पडदाभर मोठं केलं. नाना उठून पडद्याजवळ गेले आणि दोन बोटं उघडून त्या पिवळ्या जागेची मापं घेत राहिले. ‘ज’ इथं. ‘ळ’ची दोन्ही पोटं इथं.

“नाना, एक सांगू? गिऱ्हाइकाला रिकामी जागा बघवत नाही. त्यांना वाटतं, माल कमी दिला.”

“अक्षर चढल्यावर बोल.”

त्यानंतर लळिंगचा किल्ला झाला, अमळनेरच्या जुन्या गिरणीची चिमणी झाली. सुलक्षणानं तिन्ही चित्रं भाऊंकडे मंजुरीला पाठवली. भाऊंनी चित्रांसोबत कॉम्प्युटरला दिलेलं ते वाक्यही मागवलं. तिनं तेही पाठवलं. भाऊंचा उत्तरादाखल मोबाईलवर अंगठा आला. त्या अंगठ्यावर विश्वास ठेवून नानांनी ब्रश काढले, त्यांचे केस मऊ केले आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरून तीन दिवस नुसता ‘ज’ गिरवला. तिसऱ्या दिवशी ‘ज’चं पोट पूर्वीसारखं भरलं.

उद्घाटनाच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं धुळ्याला उतरले. हातात पिशवी, पिशवीत ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा; अक्षरं मंडपातच चढवायची होती.

मंडपाच्या दारात जळगाव उभं होतं, दहा फूट उंच. केळीच्या रांगा, काळी वाट, सातपुडा, सगळं नानांनी सांगितलं तसंच. आणि आभाळात चौदा माणसं होती. गोल चौकटीत, हात जोडून. सगळ्यांच्या मधोमध, नानांनी नाकारलेल्या सूर्याच्या जागी, अभिमनभाऊ. नानांचा अंदाज जराही चुकला नव्हता. बागेतली प्रत्येक रेषा नजरेला ओढत क्षितिजावरच्या त्या एका बिंदूपाशी नेत होती, आणि तिथून सरळ भाऊंच्या हनुवटीला लावत होती. गावाचं नाव खाली काळ्या मातीत होतं, कॉम्प्युटरच्या अक्षरात, वीतभर.

“या नाना!” भाऊंनी स्वतः येऊन पाया पडल्यासारखं केलं. “काय जागा सोडली तुम्ही! आमचा माणूस म्हणाला, इतकी सोय आजवर कुणी केली नव्हती. एरवी फोटो झाडावर, देवळावर बसवावे लागतात. म्हणून फोटो घालून इथं धुळ्यातच छापून घेतलं.”

“अक्षर माझं ठरलं होतं, भाऊ.”

“ठरलं होतं ना! पण जागाच कुठं उरली?”

नानांनी आभाळाकडे पाहिलं. खरंच उरली नव्हती.

“आणि हे बघा,” भाऊंनी मोबाईल पुढं केला. “तुमचं वाक्य ठेवलं, नुसती गावाची नावं बदलली. साक्री, शिरपूर, शिंदखेडा, नवापूर. एका बैठकीत अकरा पोस्टरं. तुम्हाला पुन्हा त्रास द्यायलाच नको.”

अकराही गावांत तीच केळी होती, तीच वाट. आभाळ मात्र मोकळं होतं, चौदा जणांच्या मापाचं. नानांना राग यायला हवा होता. पण चित्रं चांगली होती. हीच पंचाईत होती.

ते परत फिरले तसे भाऊंनी पिशवीकडे पाहिलं.

“ब्रश आणलेत?”

नाना थांबले. “आणलेत.”

“मग हात लागलाच पाहिजे तुमचा! या, या.” भाऊंनी त्यांना खांद्याला धरून मंडपामागं नेलं. तिथं लांबलचक भिंत होती. कालच चुना मारलेली, पांढरी, एकसलग, रिकामी. अशी जागा नानांना वीस वर्षांत कुणी दाखवली नव्हती. त्यांनी नकळत दोन बोटं उघडली.

“इथं मोठ्या अक्षरात लिहा,” भाऊ म्हणाले, “‘येथे लघवी करू नये.’ खाली पेंटर म्हणून तुमचं नाव टाका, माझी हरकत नाही. फक्त जरा लवकर करा, नाना. पाहुणे खोळंबलेत.”