सातशे बारा तास

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाड्याच्या कॉम्प्युटरांचं बिल आलं आणि रिषभनं ते पेढीवर मोठ्यानं वाचलं. छप्पन्न हजार. मोहिनीनं अंदाज दिला होता अडतीस हजारांचा.

"छप्पन्न हजारांत महिन्याला एक चांगला लॅपटॉप येतो," रिषभ म्हणाला. "आणि तो आपला असतो. हा तर दिसत पण नाही."

रिषभ हस्तीमल शेठजींचा नातू. पुण्याहून एमबीए करून आलेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट बोलायच्या आधी त्याची बेरीज करणारा. आणि खरं सांगायचं तर बेरीज चुकलेली नव्हती. मोहिनीला तेच टोचलं.

हस्तीमल शेठजींचा धंदा मिरचीचा आणि मसाल्यांचा. नंदुरबारला मिरची घ्यायची, दळायची आणि सुरत, इंदूर, पुण्याच्या हॉटेलांना त्यांच्या-त्यांच्या चवीचा मसाला करून द्यायचा. मिरची काय, कोणीही दळतो. पैसा त्या चवीच्या कृतीत. गेल्या वर्षी पुण्याचा एक विक्रेता नोकरी सोडून गेला तो सगळ्या कृती लॅपटॉपमध्ये भरूनच. दोन महिन्यांत पुण्याची चार मोठी हॉटेलं हातची गेली. शेठजी तेव्हा आठ दिवस नीट जेवले नव्हते.

त्यानंतर मोहिनीला घेतलं. शहाद्याजवळच्या तापीकाठच्या गावची गुजरांची मुलगी, सहा वर्षं पुण्यात कॉम्प्युटरचीच कामं केलेली. तिनं चौदा जणांना ढगातले डेस्कटॉप दिले. म्हणजे खरा कॉम्प्युटर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये. सुरतच्या माणसासमोर येतं ते त्याचं नुसतं चित्र. तो टाइप करतो इथे, उमटतं तिथे. फाइल पेनड्राइव्हवर जात नाही, कॉपी करून बाहेर चिकटवता येत नाही, आणि नोकरी सोडली की त्याचं दार इथून एका क्लिकवर बंद. तोटेही होते. नेट गेलं की काम गेलं, पावसाळी दिवशी माउस एका जागी आणि बाण दुसऱ्या जागी, आणि साधी प्रिंट काढायची तर मोहिनीला फोन. शिवाय भाडं दर महिन्याला, कायमचं.

मोहिनी स्वतः तीन महिन्यांच्या बोलीवर होती. डेस्कटॉप राहिले तर ती राहणार, लॅपटॉप परत आले तर तिचं इथे काम नाही आणि पुन्हा पुणं. पुण्यात वाईट काही नव्हतं. पण सकाळी आई सरलाबाईच्या हातची भाकरी खाऊन नंदुरबारची एसटी धरायची आणि संध्याकाळी केळीच्या बागांमधून घरी जायचं, याची तिला आता चटक लागली होती. ती घालवायची तिची मुळीच तयारी नव्हती.

"बिल वाढलं म्हणजे कोणीतरी मीटर चालू ठेवलंय," शेठजी गादीवरून शांतपणे म्हणाले. "शनिवारी बैठक. त्याचं नाव मला पाहिजे, मग तो पेढीवर दिसणार नाही. नाव सापडलं नाही, तर ढगाचं काम बंद. लॅपटॉप आणू."

"मला वाटतं सुरत," रिषभ म्हणाला. "चांदनी घरून काम करते. लेकराला कार्टून लावून देत असेल."

शेठजींनी 'मीटर' म्हटलं ते बरोबर होतं. ऑफिसात रोज आठ तास बसणाऱ्या सहा जणांना मोहिनीनं महिन्याचं बांधलेलं भाडं लावलं होतं, माणशी साडेतीन हजार. मग डेस्कटॉप दिवसरात्र चालू राहो. उरलेले आठ जण फिरतीचे किंवा थोडंच काम करणारे, त्यांना ताशी. आठशे रुपये बसल्या जागी आणि पुढे तासाला पंचवीस. माणूस बाहेर पडला की तासाभरानं डेस्कटॉप आपोआप झोपतो आणि मीटर थांबतं. पण बाहेर पडलाच नाही, तर दारात उभ्या करून ठेवलेल्या रिक्षासारखं ते चालतच राहतं. महिन्याला शंभर-सव्वाशे तासांवर गेलं की ताशी भाडं अंगावर येतं.

दुपारी मोहिनीनं तासांचा तक्ता उघडला. चांदनी, छप्पन्न तास. इंदूर, एकसष्ट. पुण्याचे दोघे साठीच्या आसपास. ती खाली-खाली सरकत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

हस्तीमल. सातशे बारा तास.

नोव्हेंबरात तासच मुळी सातशेवीस. मोहिनीनं डोळे चोळले, तर बोटांची मिरची डोळ्यांत गेली. नंदुरबारच्या हंगामात हे असं व्हायचंच. तोंड धुऊन परत आली, तरी आकडा तोच.

शेठजींना ताशी भाडं तिनंच लावलं होतं. दिवसातून अर्धा तास चष्मा कपाळावर ठेवून पडद्याकडे बघणाऱ्या माणसाला महिन्याचं भाडं कशाला, असा तिचा हिशोब. आणि मग तिला आठवलं. दिवाळीच्या पूजेनंतर शेठजींनी तिला बोलावलं होतं. "बेटा, हा पडदा घडीघडी काळा पडतो. ते बंद कर. आणि पासवर्ड विचारतो, ते पण काढ. माझ्याच पेढीवर मी दार वाजवू?" तिनं दोन मिनिटांत करून दिलं होतं. का, म्हणून विचारलंही नव्हतं. मालकाला का विचारायचं?

ती उठून गादीपाशी गेली. शेठजी लिलावाला गेले होते. पडद्याच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक, समोर अगरबत्तीची राख, आणि पडद्यावर सगळ्यांना दिसेल अशी पूर्ण यादी, प्रत्येक हॉटेलची, प्रत्येक कृतीची. समोरच्या बाकावर दोन दलाल चहा पीत बसले होते. त्यांना वाचायचं नव्हतं म्हणून बरं. सुरतच्या चांदनीनं कृती कॉपी करू नये म्हणून तिनं सतरा कुलपं लावली होती आणि इथे कुंपणच शेत खात होतं.

"ताई, त्या पडदाले हात नको लावू," मागून वाहरू म्हणाला. पेढीवरचा जुना माणूस, पाण्यापासून पोत्यांपर्यंत सगळं त्याच्याकडे. "शेठजीनी वही शे ती."

"वही?"

"दिवाळीले पूजा व्हयनी का पयली वही उघडी ठेवतस. पुढली दिवाळीलगून मिटतस नही. मन्हा बाप आठे हमाल व्हता, तवापासूननी पद्धत शे. वही मिटनी म्हंजे धंदा मिटना. औंदा वही कॉम्प्युटरमा गयी, मंग शेठजी त्येलेच मिटू देतस नही."

मोहिनी खाली बसली. वाहरूनं तिच्याकडे निरखून पाहिलं. त्याला पेढीवरचं सगळं आधी कळतं, बिलाचंही कळलेलं होतं.

"सांगी दे ना, मशीन बिघडनं."

"मशीन नही बिघडनं, वाहरूभाऊ," ती म्हणाली. "मीच बिघाडं."

तरी मोह झालाच. देवाशपथ झाला. तक्ता तिच्याशिवाय कोणी उघडत नाही. शेठजींचा डेस्कटॉप गुपचूप महिन्याच्या भाड्यावर टाकला, तर पुढचं बिल आपोआप उतरेल आणि लोक विसरतील. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तिनं एकटीनंच का जायचं? तीही तीन महिन्यांच्या बोलीवरची.

मग शुक्रवारी चांदनीचा फोन आला. आवाज रडून बसलेला. "मोहिनीदीदी, रिषभभाईंनी लिहून मागितलंय, मी रात्री काय बघते म्हणून. माझं लेकरू नऊला झोपतं, मी साडेनऊला. मी काय लिहू?"

"काही लिहू नकोस," मोहिनी म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर तिला जरा हलकंच वाटलं. निदान आता विचार करायचा उरला नव्हता.

शनिवारी गादीवर शेठजी, बाजूला रिषभ, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर सुरत, इंदूर, पुणं चौकटींमध्ये. कोणीतरी शिंकलं आणि इंदूरवाला म्हणाला, नंदुरबार ऐकू येतंय.

"नाव," शेठजी म्हणाले.

"दोन नावं आहेत," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच पातळ वाटला. "पहिलं माझं. एक डेस्कटॉप महिनाभर चालू राहिला, कारण त्याची झोप आणि कुलूप मी काढून दिलं. न विचारता. अठरा हजार सहाशे रुपये त्या एकाचे."

"आणि डेस्कटॉप कोणाचा?" रिषभ पुढे सरकला.

"शेठजींचा. सातशे बारा तास."

टीव्हीतल्या चौकटी जागच्या जागी थिजल्या. नेट गेलं असावं असं वाटण्याइतकं. रिषभनं आजोबांकडे पाहिलं आणि लगेच कागदांत डोकं घातलं. शेठजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"वही मिटत नाही आमच्यात," ते म्हणाले.

"मिटू नका. तुमचा डेस्कटॉप महिन्याच्या भाड्यावर टाकते, साडेतीन हजार. वर्षभर चालू राहू द्या, एक रुपया जास्त लागणार नाही. पण शेठजी, कुलूप पाहिजे." ती आता थांबू शकत नव्हती. "परवा दोन दलाल या बाकावर बसून चहा पीत होते. समोर सगळ्या कृती उघड्या. पुण्याच्या माणसाला लॅपटॉप तरी न्यावा लागला होता. इथे नुसता चष्मा लागेल. कुलूप लावलं म्हणजे वही मिटत नाही. आत सगळं उघडंच राहतं, वर फक्त रुमाल पडतो."

शेठजींनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. जुन्या काळी रुमालाखाली बोटं दाबून सौदे केलेला माणूस. झाकलेलं आणि बंद केलेलं यांतला फरक त्यांना कोणी शिकवायला नको होता.

"सुरतवाल्या बेटीची मी माफी मागतो," ते टीव्हीकडे वळून म्हणाले. "रिषभ पण मागेल." रिषभनं मागितली. चांदनीनं पदर डोळ्यांना लावला.

"आता तुझं." शेठजी मोहिनीकडे वळले. तिनं मनातल्या मनात पुण्याच्या घरमालकिणीचा नंबर शोधायला घेतला. "चूक तुझी आहेच. मी सांगितलं आणि तू केलंस. या पेढीवर माझं ऐकणारी चाळीस माणसं आहेत, त्यांना मी पगार देतो. पुण्याचा माणूस लॅपटॉप घरी न्यायचा तेव्हा पण सगळे हो म्हणाले, मी पण. नाही म्हणणारं एक तरी माणूस पाहिजे होतं." ते थांबले. "तीन महिन्यांचं काही नाही. तू कायम."

मोहिनीनं डोळे पुसले. मिरची असेल, असं ती नंतर आईला म्हणाली.

तिनं तिथेच शेठजींच्या डेस्कटॉपचं भाडं बदललं, दहा मिनिटांनी कुलूप पडेल असं लावलं आणि त्यांचा फोन मागितला. "पासवर्डनंतर फोनवर सहा आकडे येतील. ते टाकले की उघडेल."

"रोज?"

"रोज."

"बेटा, माझं वय चौऱ्याहत्तर," शेठजी म्हणाले. "ते सहा आकडे तेवढे मला नको. बाकीच्यांना ठेव."

मोहिनीनं फोनसाठी हात पुढेच ठेवला.

"नाही, शेठजी."

शेठजींनी तिच्याकडे पाहिलं, मग नातवाकडे, मग खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

"सांग," ते म्हणाले. "कुठे दाबायचं?"