डेड झोनमध्ये मावेल तोवर

आमच्या शूटिंग गेमच्या संघात सगळे माउसवाले. कंट्रोलरवर खेळणारा एकटा ढब्बू, माझा धाकटा भाऊ. मी संघाची प्रशिक्षक.

“तुझा नेम गेमच धरतो रे,” माउसवाले चिडवायचे.

“तुम्ही अख्खा हात फिरवता, मी एका अंगठ्यावर भागवतो,” तो म्हणायचा. खरंच होतं ते. निशाणा शत्रूजवळ आला की एम असिस्ट, म्हणजे कंट्रोलरवाल्यांना गेमची मदत, त्याचा वेग कमी करते, त्याला थोडं शत्रूमागे सरकवतेही. पण तिथवर अंगठ्यानेच न्यावं लागतं.

निवडीच्या सामन्यात ढब्बूचा निशाणा सारखा उशिरा पोहोचत होता. सेटिंग उघडलं, तर डेड झोन भलताच मोठा. अंगठ्याखालची स्टिक बरीच ढकलेपर्यंत गेमला हालचाल कळतच नव्हती. मग नाजूक नेम लागणार कुठून?

“वेड्या, हे काय करून ठेवलंस?”

“राहू दे ना, ताई.”

मी तो कमी केला आणि निशाणा थरथरू लागला. स्टिक झिजली असेल म्हणून नवा कंट्रोलर दिला. त्यावरही तेच.

“अंगठा उचल.”

त्याने उचलला. निशाणा जागच्या जागी स्थिर झाला.

थरथर अंगठ्यातच होती. आमच्या बाबांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. आता त्यांना पेला धरवत नाही.

“सांगितलं का नाहीस?”

“डेड झोनमध्ये मावत होतं गं.”

मी त्याच्या कंट्रोलरचा डेड झोन पुन्हा होता तेवढा केला. मग त्याच्या खुर्चीवर राखीव खेळाडूला बसवलं.